बी.कॉम. करून सरकारी लेखा शाखेत आलात? आधी शिल्लक तरतूद बघायला शिका

रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी साहेबांना विचारलं होतं, "सर, आपला ताळेबंद कुठे ठेवतात?" त्यांनी कपाटातून एक जाड नोंदवही काढून समोर ठेवली आणि म्हणाले, "ताळेबंद महालेखापालांना बघू दे. तुम्ही फक्त एवढं सांगा, १३ खाली किती शिल्लक आहे?" १३ म्हणजे काय हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. कॉलेजात तीन वर्षं नफा-तोटा पत्रक, घसारा, देणी-येणी हेच घोकलेलं. ते ज्ञान वाया गेलं नाही, पण त्यातलं काय बाजूला ठेवायचं आणि त्या जागी काय बघायचं, हे समजायला मला एक अख्खा मार्च जावा लागला. तुमचा तसा जाऊ नये म्हणून महाराष्ट्र शासनाच्या एका छोट्या कार्यालयाचं एक वर्ष आपण पायरी पायरीनं बघू.

कार्यालय समजा तालुक्याच्या ठिकाणची एक शासकीय आयटीआय आहे आणि वर्ष आहे २०२४-२५. उदाहरणातले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी घेतलेले आहेत, पण असं वर्ष कुठल्याही कार्यालयात येऊ शकतं.

पहिली पायरी: लेखाशीर्ष वाचायला शिका

दुकानदार आपल्या खात्यांना हवी ती नावं देतो. सरकारात खात्याचं नाव आधीपासून ठरलेलं असतं. राज्यघटनेच्या कलम १५० नुसार केंद्राच्या आणि राज्यांच्या लेख्यांचा नमुना भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या सल्ल्यानं ठरतो. त्यामुळे मुख्य शीर्षाचा चार अंकी क्रमांक देशभर एकच असतो. २२०२ म्हणजे सामान्य शिक्षण, २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. आपल्या आयटीआयचा महसुली खर्च २२३० खाली, म्हणजे कामगार व सेवायोजन या शीर्षाखाली पडतो.

पहिल्या अंकाकडे आधी बघा. ० किंवा १ असेल तर महसुली जमा, २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली खर्च. ६ आणि ७ कर्जं व आगाऊ रकमांसाठी आहेत, आणि ८ नं सुरू होणारी शीर्षं मुख्यतः लोकलेख्याची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी आणि ठेवींसारख्या पैशांची. हा पैसा सरकारकडे असतो, पण सरकारचा नसतो.

मुख्य शीर्षाखाली उपशीर्षांची उतरंड असते आणि सगळ्यात शेवटी उद्दिष्ट शीर्ष येतं. रोजच्या कामात तुमचा संबंध याच शेवटच्या दोन अंकांशी येणार आहे. ०१ म्हणजे वेतन, ०६ म्हणजे दूरध्वनी, वीज व पाणी, ११ म्हणजे देशांतर्गत प्रवास खर्च, १३ म्हणजे कार्यालयीन खर्च, १७ म्हणजे संगणक खर्च, २१ म्हणजे सामग्री व पुरवठा. साहेबांनी विचारलेलं १३ ते हेच. आपल्या अर्थसंकल्पातलं लेखाशीर्ष आणि त्याखालचे उद्दिष्टांचे आकडे एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. पहिलं वर्षभर तो कागद लागतो.

दुसरी पायरी: तरतूद ही मर्यादा आहे, अंदाज नव्हे

खासगी कंपनीतही बजेट असतं. पण विक्री वाढली तर तिथला व्यवस्थापक जास्त माल घेतो आणि खर्च बजेटबाहेर गेला तरी नफा वाढलेला दाखवून मोकळा होतो. आपल्याकडे तसं होत नाही. राज्यघटनेच्या कलम २०४ प्रमाणे विधिमंडळानं मंजूर केलेल्या विनियोजनाशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. त्यामुळे उद्दिष्ट शीर्षापुढचा आकडा हा खर्चाच्या परवानगीचा आकडा असतो, आणि त्या परवानगीला रक्कम, कारण आणि मुदत अशा तीन कडा असतात. अमुक रक्कम, अमुक कामासाठी, ३१ मार्चपर्यंत.

इथे नव्या माणसाची एक ठरलेली चूक होते. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात छापलेली तरतूद म्हणजे हातात आलेलं अनुदान असं तो समजतो. प्रत्यक्षात वित्त विभागाकडून प्रशासकीय विभागाकडे, तिथून नियंत्रण अधिकाऱ्याकडे आणि तिथून तुमच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे अनुदान टप्प्याटप्प्यानं वितरित होतं. हे सगळं बीम्स प्रणालीत दिसतं. देयक कोषागारात पाठवण्याआधी बीम्समधून प्राधिकारपत्र काढावं लागतं आणि त्या शीर्षाखाली वितरित अनुदान शिल्लक नसेल तर ते निघतच नाही. म्हणून पुरवठा आदेश देण्याआधी पुस्तकातला आकडा बघू नका, बीम्समधली शिल्लक बघा. आणि तेवढ्यावरही थांबू नका. का, ते पुढच्या उदाहरणात कळेल.

तिसरी पायरी: पैसा कोणत्या दिवशी हलला ते विचारा

सरकारी लेखा रोख तत्त्वावर चालतो. वस्तू कधी आली, सेवा कधी मिळाली, देणं कधी निर्माण झालं, याला लेख्यात जागा नाही. कोषागारातून रक्कम ज्या वर्षात गेली किंवा आली, त्या वर्षाचा तो खर्च किंवा ती जमा.

सगळ्यात सोपं उदाहरण तुमच्या स्वतःच्या पगाराचं आहे. तुम्ही १ मार्च २०२५ ला रुजू झालात असं समजू. मार्चभर काम केलंत आणि पगार एप्रिलमध्ये खात्यात आला. कंपनीत हा २०२४-२५ चा खर्च ठरला असता आणि ३१ मार्चला 'देय वेतन' म्हणून ताळेबंदात दिसला असता. सरकारी लेख्यात तो २०२५-२६ चा खर्च आहे. म्हणूनच वेतनाचा अंदाज तयार करताना आपण एप्रिल ते मार्च नाही, तर मार्च ते फेब्रुवारी असे बारा महिने धरतो. हा महिना धरायला चुकलात की ०१ खालचा सगळा अंदाज चुकतो.

आता आयटीआयच्या १३ कडे येऊ. २०२४-२५ साठी कार्यालयीन खर्चाखाली ३,६०,००० रुपये मिळाले. वर्षात घडलं ते असं. आदल्या मार्चमध्ये आलेल्या कागदाचं २८,००० रुपयांचं देयक एप्रिलमध्ये दिलं. लेखनसामग्री, दुरुस्ती असा नेहमीचा खर्च वर्षभरात २,४०,००० झाला. मार्चच्या पहिल्या तारखेला ६०,००० रुपयांच्या खुर्च्या आणि कपाटं आली आणि त्यांचे पैसे त्याच महिन्यात गेले. २० मार्चला परीक्षेच्या नोंदवह्या छापून आल्या, देयक ३५,००० रुपयांचं. ते ३१ मार्चपर्यंत पारित झालं नाही, पैसे मे महिन्यात गेले.

सरकारी हिशेबानं वर्षाचा खर्च २८,००० अधिक २,४०,००० अधिक ६०,०००, म्हणजे ३,२८,००० रुपये.

हेच कार्यालय एखाद्या खासगी संस्थेचं असतं तर? आदल्या वर्षीच्या कागदाचे २८,००० आदल्या वर्षातच पडले असते. खुर्च्या-कपाटं दहा वर्षं टिकतील असं धरलं तर एका महिन्याचा घसारा ५०० रुपये एवढाच खर्च, आणि उरलेले ५९,५०० मालमत्ता म्हणून ताळेबंदात गेले असते. छपाईचे ३५,००० मात्र देणं म्हणून याच वर्षात धरले असते. बेरीज २,७५,५०० रुपये.

वर्ष एकच, कार्यालय एकच, कागदही तेच, तरी दोन हिशेबांत ५२,५०० रुपयांचा फरक. यातला कुठलाही आकडा खोटा नाही. पहिला सांगतो की विधिमंडळानं दिलेल्या पैशातला किती बाहेर गेला. दुसरा सांगतो की वर्षभर कार्यालय चालवायला किती लागलं. सरकारी लेख्याकडून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मागू नका, तो त्यासाठी बांधलेलाच नाही. आणि त्याच्या मर्यादाही मान्य करा. छपाईवाल्याचे ३५,००० देणं आहे, हे ३१ मार्चच्या लेख्यात कुठेच दिसत नाही. नऊ वर्षांनी ती कपाटं गंजून मोडकळीला आली असतील, तेही दिसणार नाही. म्हणून जडवस्तू संग्रह नोंदवही वेगळी ठेवावी लागते. लेख्यानं वस्तूची आठवण ठेवलेली नसते, ती नोंदवहीनं ठेवायची असते.

चौथी पायरी: दायित्व नोंदवही. इथे घाई करू नका

छपाईचं देयक पारित का झालं नाही? ३,६०,००० मधून ३,२८,००० वजा केले तर ३२,००० उरतात. देयक ३५,००० चं. ३,००० रुपये कमी पडले, प्राधिकारपत्र निघालं नाही आणि छपाईवाला मेपर्यंत थांबला.

आता जानेवारीत मागे जा. डिसेंबरअखेर २८,००० आणि नेहमीच्या खर्चाचे २,००,००० असे २,२८,००० गेले होते. प्रणालीत १,३२,००० शिल्लक दिसत होती. छपाईची टिपणी आली तेव्हा लिपिकानं शिल्लक बघितली, १,३२,००० समोर ३५,००० म्हणजे किरकोळ, आणि होकार दिला. पण त्या १,३२,००० मधले ६०,००० खुर्च्या-कपाटांच्या आदेशात आधीच गुंतले होते आणि उरलेल्या तीन महिन्यांच्या नेहमीच्या खर्चाला ४०,००० लागणार होते. खरी मोकळी शिल्लक होती ३२,०००. प्रणालीनं खोटं सांगितलं नव्हतं. गेलेला पैसा तिनं मोजला, जायचा पैसा तिला माहीतच नव्हता.

व्यापारी लेख्यात देणं आपोआप पुस्तकात येतं, कारण माल आला की नोंद पडते. रोख तत्त्वावर तशी नोंद पडत नाही. ती उणीव हातानं भरून काढायची नोंदवही म्हणजे दायित्व नोंदवही. माझ्या पाहण्यात ती बहुतेक कार्यालयांत आहे, पण भरली जाते ती तपासणी जवळ आली की. तसं करू नका. पुरवठा आदेशावर सही झाली त्याच दिवशी आदेशाचा क्रमांक, पुरवठादार, उद्दिष्ट शीर्ष, रक्कम आणि देयक कधी अपेक्षित आहे ते लिहा. पैसे गेले की त्या ओळीसमोर प्रमाणक क्रमांक आणि तारीख टाकून ओळ बंद करा. कुठल्याही दिवशी वितरित अनुदानातून झालेला खर्च वजा करा, मग उघड्या ओळींची बेरीज वजा करा, मग उरलेल्या महिन्यांचा नेहमीचा खर्च वजा करा. जे उरेल त्यातूनच नवा आदेश द्या.

हे गणित डिसेंबरातच झालं असतं तर वाटही होती. एप्रिल ते नोव्हेंबरच्या प्रत्यक्ष खर्चावर आठमाही सुधारित अंदाज जातो, त्यात १३ खाली जादा मागणी मांडता आली असती. किंवा दुसऱ्या उद्दिष्टाखाली बचत दिसत असेल तर पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव वर पाठवता आला असता. पुनर्विनियोजन एकाच अनुदान मागणीच्या आत होतं. महसुली पैसा भांडवलीकडे किंवा विधिमंडळाच्या मतदानानं मिळालेला दत्तमत पैसा मतदान न लागणाऱ्या भारित खर्चाकडे वळवता येत नाही, आणि वर्ष संपल्यावर तर काहीच करता येत नाही. शिवाय तो अधिकार आपल्या कार्यालयाचा नसतो, आपण फक्त वेळेत मागायचं. ३,००० रुपयांसाठी कोण प्रस्ताव पाठवतो, असं त्या वर्षी मीही म्हणाले असते. छपाईवाला दोन महिने रोज सकाळी दारात उभा राहिला की तसं म्हणवत नाही.

पाचवी पायरी: आलेला पैसा खर्चाला लावू नका

त्याच वर्षी आयटीआयनं रद्दी आणि भंगार विकलं, ४,२०० रुपये आले असं धरा. छपाईला ३,००० कमी पडतायत आणि हातात ४,२०० आहेत. दुकानात हा प्रश्न गल्ल्यातच मिटला असता.

इथे तो तसा मिटवणं हा गंभीर दोष आहे. शासनाच्या नावानं आलेला प्रत्येक रुपया ग्रास प्रणालीतून चलन काढून, योग्य जमा शीर्षाखाली, कोषागारात भरायचा. तो भरला की राज्याच्या एकत्रित निधीत मिसळला, आयटीआयचा राहिला नाही. आणि खर्च पूर्णच्या पूर्ण तरतुदीतून करायचा. जमा आणि खर्च एकमेकांत वळते करून उरलेलाच आकडा दाखवायचा नाही. कारण साधं आहे. कार्यालयं आपल्या जमेतूनच खर्च भागवू लागली तर तेवढ्या खर्चाला विधिमंडळाची मंजुरी राहतच नाही. रोकडवहीत ४,२०० ची जमेची नोंद आणि त्याच रकमेची चलनाची नोंद यांत जास्त दिवसांचं अंतर पडलेलं लेखापरीक्षकाला दिसलं, की तो पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

सहावी पायरी: ३२,००० उरले, ही बचत नव्हे

वाणिज्य शाखेच्या माणसाला ही पायरी सगळ्यात जड जाते. कंपनीत ३२,००० कमी खर्च झाला तर नफा तेवढ्यानं वाढतो. इथे नफा हे मोजमापच नाही. आयटीआयच्या उपयोगाची किंमत मुलांच्या फीत मोजली जात नाही आणि फी व खर्च यांची वजाबाकी करून त्या संस्थेविषयी काही कळतही नाही. म्हणून लेख्यानं निवडलेलं मोजमाप वेगळं आहे. जे मंजूर केलं आणि जे प्रत्यक्ष खर्च झालं, या दोहोंची तुलना. राज्याच्या पातळीवर हीच तुलना महालेखापालांच्या विनियोजन लेख्यात येते. मंजुरीपेक्षा खर्च जास्त झाला तर तो कलम २०५ खाली विधिमंडळाकडून नियमित करून घ्यावा लागतो आणि लोकलेखा समिती त्याची कारणं विचारते. मोठी रक्कम अखर्चित राहिली तरी कारण द्यावंच लागतं, कारण तो पैसा दुसऱ्या एखाद्या कामाला नाकारून तुम्हाला दिलेला होता.

आपले ३२,००० वेळेत समर्पित, म्हणजे वर परत केले असते तर वरच्या कार्यालयाला ते दुसरीकडे वळवता आले असते. तसं केलं नाही तर ३१ मार्चला ते व्यपगत होतात, पुढच्या वर्षात येत नाहीत. आणि मे महिन्यात गेलेले छपाईचे ३५,००० हे २०२५-२६ च्या १३ मधून गेले, म्हणजे नवं वर्ष तेवढ्यानं लहान होऊन सुरू झालं. आपल्या वर्षाची सुरुवात जुन्या कागदाच्या २८,००० नं झाली होती, आठवतं? एका मार्चची चूक पुढच्या एप्रिलमध्ये अशी उतरते, आणि दायित्व नोंदवही नसेल तर दरवर्षी उतरत राहते.

मार्चमध्ये कोणीतरी नक्की सुचवेल की उरलेले पैसे काढून ठेवू, बँकेत राहू दे किंवा पुरवठादाराला आगाऊ देऊन टाकू. हे करू नका. कोषागार नियमांचं मूळ तत्त्व आहे की लगेच द्यायची नसलेली रक्कम कोषागारातून काढायची नाही. व्यपगत झालेल्या ३२,००० चं उत्तर एका पत्रात देता येतं. काढून ठेवलेल्या ३२,००० चं उत्तर अनेक वर्षं द्यावं लागतं.

एक खुलासा. हे सगळं राज्य शासनाच्या कार्यालयांचं आहे. शासकीय दूध योजनेसारखे व्यापारी स्वरूपाचे विभागीय उपक्रम नेहमीच्या लेख्याशिवाय नफा-तोटा दाखवणारे प्रपत्र लेखेही तयार करतात. महानगरपालिका आणि नगरपालिकांसाठी २००४ च्या राष्ट्रीय महापालिका लेखा नियमपुस्तिकेनंतर उपार्जित तत्त्व आणि द्विनोंदी पद्धत आली. तिथे बदली झाली तर कॉलेजची वही पुन्हा उघडा.

सातवी पायरी: दर महिन्याला खर्चमेळ

तुमच्या नोंदवहीत ३,२८,००० आहेत म्हणून महालेखापालांच्या पुस्तकातही तेच असतील असं नाही. प्राधिकारपत्र काढताना टोनरचं १२,००० चं देयक कुणीतरी १७ वर टाकलं आणि आपण नोंद मात्र १३ खाली केली, तर त्यांच्याकडे १३ खाली ३,१६,००० दिसतील आणि १७ खाली १२,००० जास्त. एकूण बेरीज जुळते, म्हणून चूक लपते. त्यामुळे खर्चमेळ एकूण रकमेचा करू नका, उद्दिष्टवार करा. कोषागाराचा प्रमाणक क्रमांक, तारीख आणि रक्कम या तिघांवर एकेक ओळ टिकमार्क करत जा. न जुळलेली रक्कम दुसऱ्या कुठल्या शीर्षाखाली तेवढीच जास्त आहे का ते बघा. बहुतेक वेळा ती तिथेच सापडते.

सापडली की नियंत्रण अधिकाऱ्यामार्फत महालेखापाल कार्यालयाला दुरुस्तीसाठी कळवा, प्रमाणकाच्या तपशिलासह. मुंबई आणि नागपूर अशी त्यांची दोन कार्यालयं आहेत, आपला जिल्हा कोणाकडे येतो ते आधी विचारून घ्या. वर्षाचे लेखे बंद होण्याआधी कळवलं तर चूक दुरुस्त होते. नंतर ती चूक म्हणूनच छापली जाते आणि तुमच्या जागी पुढे येणाऱ्या माणसाला न केलेल्या खर्चाचा खुलासा लिहीत बसावं लागतं.

पहिल्या आठवड्यात तीन नोंदवह्या मागून घ्या. आकस्मिक खर्चाची, दायित्वाची आणि रोकडवही. दायित्वाची कोरी निघाली तर गेल्या सहा महिन्यांचे पुरवठा आदेश काढून ती भरायला बसा.